मेंटॉरची जोडी कशी लावावी: पलूस-कुंडल पट्ट्यातल्या मध्यम कारखान्यासाठी

१९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात, कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना उभा केला. आजची किर्लोस्करवाडी ती हीच. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्यासाठी जागा दिली. त्याआधी मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवलेल्या या माणसाने सोबत्यांची निवड मात्र पदव्या बघून केली नाही. अनंतराव फळणीकरांचे शिक्षण अर्धवट सुटले होते, तरी यंत्रकामात ते तिथले भरवशाचे माणूस झाले. शंभूराव जांभेकर इंजिनिअरिंगकडे, मंगेशराव रेगे हिशेब आणि व्यवस्थेकडे, तर बंधू रामूअण्णा वसाहतीच्या उभारणीकडे, अशी जबाबदारी वाटली गेली. माणसे थोडी होती. कुणाला काय जमते आणि कुणी कुणाजवळ बसून शिकावे, हे मालकाला डोळ्यांनी दिसत होते, त्यामुळे त्याला वेगळी योजना लागली नाही.

त्याच परिसरात आज दीडशे-दोनशे माणसांचे कारखाने आहेत. तिथे मालकाला प्रत्येक माणूस दिसत नाही, आणि मोठ्या कंपनीसारखा प्रशिक्षण विभागही नसतो. या मधल्या आकाराच्या कारखान्यांसाठी मेंटॉर योजना कशी लावायची, त्याबद्दल हा लेख आहे.

हिशेबासाठी एक कारखाना

नीट बोलता यावे म्हणून एक कारखाना डोळ्यासमोर धरू. पलूसच्या बाजूला एकशे साठ माणसांचा कारखाना आहे. स्वतःची छोटी फौंड्री, मशीन शॉप, असेंब्ली, टेस्टिंग, स्टोअर आणि ऑफिस एवढे विभाग आहेत. मोठ्या कंपन्यांसाठी पंपाचे भाग बनतात आणि स्वतःच्या नावाने शेतीचे छोटे पंपही विकले जातात. माणसे कुंडल, रामानंदनगर, बुर्ली, अंकलखोप, तासगाव, विटा इथून मोटारसायकलने आणि एसटीने येतात. दरवर्षी आयटीआय आणि डिप्लोमा झालेली दहा-बारा मुले-मुली लागतात. त्यांतली बरीचशी दोन वर्षांत पुण्याला, चाकणला निघून जातात. जी राहतात त्यांना मशीन चालवता येते, पण मशीनच्या पलीकडे काय चालते ते कळत नाही.

इथे एक गोष्ट आधीच वेगळी काढायला हवी. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे. आताच्या नियमांप्रमाणे तीस किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला कंत्राटी कामगार धरून एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. त्यांना काम शिकवणे ही कारखान्याची कायदेशीर जबाबदारी आहे आणि ती त्या-त्या विभागाचा सुपरवायझर पार पाडतो. मेंटॉर योजना त्याच्या बदल्यात येत नाही. ती सुरू होते ती माणूस कामाला लागून वर्षभर झाल्यावर. तोवर लेथवर जॉब लावायला तो शिकलेला असतो. आता प्रश्न असतो पुढच्या पायरीचा.

मेंटॉरकडे काय मागायचे

बोस्टनच्या कॅथी क्रॅम यांनी १९८५ साली या विषयावर पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी मेंटॉरच्या कामाचे दोन भाग केले. एक भाग नोकरीतल्या वाटचालीचा: नवे काम मिळवून देणे, चार लोकांत नाव पुढे करणे, चुकताना सावरणे. दुसरा मनाच्या आधाराचा: ऐकून घेणे, माणूस म्हणून विश्वास ठेवणे, स्वतःच्या वागण्यातून उदाहरण घालून देणे. चाळीस वर्षे झाली तरी ही मांडणी टिकून आहे.

आपल्याकडच्या योजना यातला पहिलाच भाग धरतात आणि तोही सुपरवायझरकडे सोपवतात. मग ‘मेंटॉर’ हे सुपरवायझरचेच दुसरे नाव होते. मुलगा त्याला विचारतो ते साहेबाला विचारावे तेवढेच. ‘मला ड्रॉइंगमधली ही खूण कळत नाही’ असे कुणी पगारवाढ ठरवणाऱ्यापुढे बोलत नाही. हे न विचारलेले प्रश्नच पुढे रिजेक्शनच्या ढिगात दिसतात. योजनेचे सगळे नियम या एका अडचणीभोवती बांधायला हवेत, असे मला वाटते. शिकणाऱ्याला कारखान्यात असा एक माणूस हवा, ज्याच्यापुढे आपले अडाणीपण उघड करायला भीती वाटणार नाही आणि ज्याला कामाचे खरे उत्तरही ठाऊक असेल.

जोडीचे नियम

पहिला नियम तोडायचाच नाही. मेंटॉर शिकणाऱ्याच्या साहेबांच्या साखळीत नसावा. थेट साहेब नको आणि साहेबाचा साहेबही नको. मशीन शॉपच्या मुलाला टेस्टिंगचा माणूस चालेल, स्टोअरच्या मुलीला परचेसमधला चालेल. वेगळ्या विभागाचा माणूस मशीन शॉपच्या मुलाला काय शिकवणार, ही शंका नेहमी येते. त्याचे उत्तर उद्दिष्टात आहे. स्वतःच्या विभागातले काम सुपरवायझर शिकवतोच. मेंटॉरकडून शिकायचे ते विभागाच्या भिंतीपलीकडचे: माझ्या हातून गेलेला भाग पुढे कुठे बसतो, कुठे नडतो, गिऱ्हाईक काय म्हणते.

दुसरा नियम अंतराचा. तीस वर्षांचा अनुभवी उस्ताद द्यायचा मोह सगळ्यांना होतो. पण ज्याच्या हाताला काम इतके बसले आहे की सांगताच येत नाही, त्याच्याजवळ नवा माणूस बघत उभा राहतो. सहा ते पंधरा वर्षे पुढे असलेला माणूस बरा, कारण आपण स्वतः कुठे अडलो होतो ते त्याला अजून आठवते. निवृत्तीला आलेल्यांच्या हातातले कसब जपायचे असेल तर ते काम वेगळे आहे. त्यासाठी त्यांच्या शेजारी सहा महिने माणूस उभा करावा लागतो. पंधरा दिवसांतून तासभर बसून ते साधत नाही.

तिसरा नियम निवडीचा. जोडी वरून लादली तर ती कागदावर राहते, आणि सगळे माणसांवर सोडले तर भावकी जमते. टॅमी अॅलन, लिलियन ईबी आणि एलिझाबेथ लेंट्झ यांनी २००६ साली अमेरिकेतल्या नियोजित योजनांचा अभ्यास केला. जोडी ठरवताना ज्यांचे म्हणणे विचारात घेतले गेले, त्यांना ते नाते जास्त कामाचे वाटले, असे त्यात आढळले. सुरुवातीच्या प्रशिक्षणाच्या दर्जाचाही तसाच फरक पडला. पण आपल्या भागात ‘म्हणणे विचारात घेणे’ म्हणजे नुसते नाव विचारणे नव्हे. नाव विचारले की मुलगा आपल्या गावचा, आपल्या पाहुण्यातला, आपल्या जातीतला माणूस सांगतो. त्यात त्याचा दोष नाही, त्याला तेवढेच लोक माहीत असतात. मात्र त्यामुळे ज्याचे कारखान्यात कुणीच नाही, त्याच्या वाट्याला मेंटॉरही उरलेलाच येतो.

म्हणून पद्धत अशी ठेवावी. शिकणाऱ्याने आधी काय शिकायचे ते लिहावे, नावे नंतर द्यावीत. मग स्वतःचा विभाग सोडून दोन वेगळ्या विभागांतली तीन नावे द्यावीत. त्यांतले एक योजनेचा समन्वयक ठरवील. जवळचे नातेवाईक एका जोडीत नकोत. गावच्या पंचायतीत किंवा सोसायटीत ज्यांचे पॅनेल आमनेसामने आहेत अशी दोन माणसेही नकोत. हे समन्वयकाला माहीत असते, ते लिहायची गरज नाही. मेंटॉरला नकार देण्याची मोकळीक हवी आणि नकाराचे कारण विचारू नये. मन नसलेला मेंटॉर घेण्यापेक्षा एक जोडी कमी करावी. एका मेंटॉरकडे एकच माणूस द्यावा. दुसरा देण्याचा विचार पुढच्या वर्षी.

चौथा नियम मुलींच्या बाबतीत, आणि तो सर्वांनाच लागू करावा. बैठक पाळीच्या वेळेतच आणि चारचौघांना दिसेल अशा जागी व्हावी: काचेचे केबिन, कँटीनचा कोपरा, टेस्ट बेडजवळचे टेबल. पाळी संपल्यावर, बाहेर किंवा रात्री फोनवर नको. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक ठिकाणी २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी लागते. त्या समितीवर कोण आहे, हे पहिल्याच दिवशी प्रत्येक जोडीला सांगावे. मेंटॉर पुरुष असला तर मुलीच्या घरच्यांनाही ही व्यवस्था माहीत असलेली बरी. गावात बोलायला वेळ लागत नाही, आणि बोलणी सुरू झाली की सोडून जाते ती मुलगीच.

पाचवा नियम सुटण्याचा. सहा आठवड्यांनी समन्वयकाने दोघांना वेगवेगळे भेटून एकच प्रश्न विचारावा: पुढे चालू ठेवायचे का? एकाने ‘नको’ म्हटले तरी जोडी सुटते. कारण नोंदवायचे नाही आणि कुणाच्या फाइलला काही लागायचे नाही. हे दार उघडे आहे हे आधी माहीत असले की माणसे पहिल्या भेटीतच मोकळी होतात.

पाळीचा हिशेब

एवढे नियम पाळूनही जोडी बंद पडण्याचे सगळ्यात साधे कारण म्हणजे दोघांची गाठच न पडणे. आपला कारखाना तीन पाळ्यांत चालतो असे धरू: सकाळी सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात. दर आठवड्याला पाळी बदलते. दोघेही एकाच क्रमाने फिरत असतील आणि पहिल्या आठवड्यात वेगळ्या पाळीत असतील, तर ते कायम वेगळ्याच पाळीत राहतात. मस्टर बघेपर्यंत हे कुणाच्या लक्षात येत नाही, आणि तोवर दोन महिने गेलेले असतात.

मेंटॉर जनरल पाळीचा, म्हणजे नऊ ते साडेपाचचा, असला की गणित सुटते. शिकणारा पहिल्या पाळीत असेल तर सहा तास सामाईक मिळतात. दुसऱ्या पाळीत असेल तर तीन ते साडेपाच मिळतात. फक्त रात्रपाळीच्या आठवड्यात गाठ पडत नाही. रात्रपाळी तीन आठवड्यांतून एकदा येते, त्यामुळे कुठल्याही पंधरवड्यात निदान एक आठवडा भेटीचा मिळतोच. पंधरवड्याला एक तास हे प्रमाण मी यावरूनच धरतो. आठवड्याची सक्ती केली तर दर तिसरी भेट चुकणार, आणि चुकायची सवय एकदा लागली की मोडत नाही.

वेळ किती जातो, हे मालक विचारणारच, तेव्हा आकडा तयार ठेवावा. आठ जोड्या, महिन्याला दोन तास, दोन माणसे: महिन्याला ३२ मनुष्य-तास. योजनेच्या नऊ महिन्यांत २८८ तास, म्हणजे आठ तासांच्या ३६ पाळ्या. सुरुवातीला आठ मेंटॉरना अर्धा दिवस बसवले तर आणखी चार पाळ्या. एकशे साठ माणसांच्या नऊ महिन्यांत छत्तीस हजारांच्या आसपास पाळ्या भरतात. त्यातल्या हजारात एकीपेक्षा थोड्या जास्त पाळ्या इथे जातात. पण हा तास मेंटॉरच्या टार्गेटमधून कमी करायला हवा. तसे केले नाही तर तो स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीतून वेळ देतो, दोन-तीन वेळा देतो आणि मग थांबतो.

पहिल्या वर्षी आठच जोड्या का? समन्वयक हा सहसा एचआरचा एकटा माणूस असतो. हजेरी, पीएफ, कँटीन सगळे त्याच्याकडेच. महिन्यातून एकदा प्रत्येक जोडीच्या दोघांशी पंधरा मिनिटे बोलायचे तर सोळा माणसांचे चार तास होतात. तेवढेच त्याला झेपते.

उद्दिष्ट कसे लिहावे

‘संवादकौशल्य सुधारणे’, ‘नेतृत्वगुण वाढवणे’, ‘गुणवत्तेची जाण येणे’ अशी उद्दिष्टे अर्जावर सुंदर दिसतात. नऊ महिन्यांनी ती साधली की नाही ते कुणी सांगू शकत नाही, म्हणून सगळीच साधली असे लिहिले जाते. उद्दिष्ट म्हणजे एक काम. आज ते शिकणाऱ्याला एकट्याने जमत नाही, शेवटी एकट्याने करून दाखवायचे आहे, आणि ते बघणारा तिसरा माणूस आधीच ठरलेला आहे. मेंटॉरला परीक्षक करू नये. आपल्या माणसाला नापास करायला त्याचे मन घेत नाही, आणि तो परीक्षक आहे म्हटल्यावर शिकणारा पुन्हा अडाणीपण लपवायला लागतो.

फौंड्रीतल्या मुलासाठी ते असे असेल: ‘ब्लोहोलमुळे नाकारलेल्या कास्टिंगची खेप घेऊन, वाळूतला ओलावा, कोअरची भाजणी आणि साच्यातली हवा निघायची वाट यांतले कारण कुठले ते शोधणे आणि फौंड्री इन्चार्जला पुराव्यासह दाखवणे.’ स्टोअरच्या मुलीसाठी: ‘बेअरिंगच्या वर्षभराच्या वापरावरून कुठले किती साठवायचे आणि कधी मागवायचे याचा तक्ता करणे, आणि तो परचेसला मान्य करवून घेणे.’ एका माणसाला असे एकच मोठे उद्दिष्ट पुरे. त्याचे तीन टप्पे पाडावेत. पहिले तीन महिने मेंटॉर करतो, शिकणारा बघतो आणि विचारतो. पुढचे तीन महिने शिकणारा करतो, मेंटॉर बघतो. शेवटचे तीन महिने शिकणारा एकटा करतो आणि अडला तरच येतो.

उद्दिष्ट लिहायला पहिल्या दोन भेटी द्याव्यात. त्याची एक प्रत शिकणाऱ्याच्या साहेबाला दाखवावी आणि त्याची सही घ्यावी. साहेब जोडीबाहेर ठेवला तरी त्याला अंधारात ठेवायचे नाही. आपला माणूस दुसऱ्या विभागात जाऊन काय बोलतो, ही शंका त्याला येणारच. काय शिकतो हे त्याला माहीत असावे. काय बोलतो हे मात्र जोडीतच राहावे. याला अपवाद तीनच: कुणाच्या जिवाला धोका, छळ, आणि चोरी किंवा फसवणूक. हे तीन विषय आले तर मेंटॉर गप्प बसणार नाही, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे.

एक जोडी, एक तक्रार

क्वालिटी विभागातली दोन वर्षे झालेली डिप्लोमाची मुलगी आणि टेस्टिंगमधला तिच्याहून बारा वर्षे पुढचा इंजिनिअर, अशी एक जोडी धरू. पंपाच्या मोजमापात तिचा हात बसला आहे. बोअर, रनआउट, इम्पेलरचे बॅलन्सिंग ती चुकत नाही. पण गिऱ्हाइकाकडून तक्रार आली की कारण कुठे शोधायचे ते तिला कळत नाही. तिचे उद्दिष्ट ठरले: ‘जागेवरच्या तीन तक्रारी सुरुवातीपासून निकालापर्यंत एकटीने सोडवणे. बघणार सर्व्हिस विभागाचे प्रमुख.’

जानेवारीत तासगाव बाजूच्या एका द्राक्षबागायतदाराची तक्रार येते. विहिरीवरचा पंप खडे दळल्यासारखा वाजतो आणि पाणी कमी पडते. पंप ऑगस्टमध्ये बसवलेला. ती जागेवर जाऊन केसिंग उघडते. इम्पेलरच्या पात्यांवर, पाणी आत शिरते त्या तोंडाशी, बारीक खड्डे पडलेले दिसतात. परत येऊन ती म्हणते, “दादा, कास्टिंग सच्छिद्र आहे. इम्पेलर बदलून द्यायला लागेल.”

तो तिला चूक म्हणत नाही. विचारतो, “बसवला तवा पाणी कुठं होतं, आणि आता किती खाली गेलंय?”

हे तिने मोजलेले नसते. ती पुन्हा जाते आणि दोरी सोडून मोजते. ऑगस्टमध्ये पंपापासून पाणी चार मीटर खाली होते असे मालक सांगतो. आता ते साडेसात मीटर खाली आहे. शिवाय सक्शनच्या पाइपला दोन बाक आहेत आणि फूट व्हॉल्व्हच्या जाळीत शेवाळ अडकलेले आहे. पुढचे कोडे दोघे मिळून सोडवतात. पंप पाणी ओढत नसतो. हवेचा दाब पाणी वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब पाणी फार तर १०.३ मीटर उचलू शकतो. आपला भाग साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर असल्याने इथे तो साडेनऊच्या थोडा पुढे येतो. पाइपमधले घर्षण, बाक आणि पंपाची स्वतःची गरज वजा करता सहा-सात मीटरच्या पुढे गेले की इम्पेलरच्या तोंडाशी दाब इतका उतरतो की पाण्याची तिथेच वाफ होते. पुढे दाब वाढला की ते बुडबुडे फुटतात आणि धातूचे कण उखडतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. खड्डे पात्याच्या आत शिरायच्या बाजूला असणे आणि बाहेरची बाजू चांगली असणे, हीच त्याची खूण. कास्टिंग सच्छिद्र असते तर खड्डे कुठेही दिसले असते.

मग तो तिला एक जागेवरची चाचणी शिकवतो. पंप चालू ठेवून डिस्चार्जचा व्हॉल्व्ह हळूहळू आवळायचा. प्रवाह कमी झाला की पंपाची गरज आणि पाइपमधले घर्षण दोन्ही उतरतात. खड्यांचा आवाज कमी झाला तर दोष सक्शनच्या बाजूला आहे असे समजायचे. बेअरिंग खराब असते किंवा अलाइनमेंट हलले असते, तर व्हॉल्व्ह आवळून तो आवाज असा विरला नसता. ती जाऊन करते, आवाज विरतो. उपाय म्हणून पंप खालच्या टप्प्यावर उतरवला जातो, एक बाक काढला जातो आणि जाळी साफ होते. नवा इम्पेलर बसतो तो त्यानंतर. आधी बसवला असता तर पुढच्या उन्हाळ्यात तोही तसाच गेला असता.

इथे मेंटॉरने केले काय? उत्तर त्याला पहिल्याच मिनिटाला कळले होते, तरी त्याने एक प्रश्न विचारला आणि तिला दुसरी फेरी मारू दिली. बिगर-मेंटॉर सीनियर म्हणाला असता, “कॅव्हिटेशन आहे, पंप खाली घ्यायला सांग.” तक्रार त्या दिवशीच मिटली असती. पुढची तक्रार मात्र पुन्हा त्याच्याकडेच आली असती.

मेंटॉरच्या सुरुवातीच्या अर्ध्या दिवसात शिकवायचे ते नेमके हेच: उत्तर ठाऊक असताना प्रश्न विचारणे. त्यासाठी भाषणे नकोत. कारखान्यातल्याच दोन-तीन जुन्या तक्रारी घ्याव्यात. एकाने शिकणाऱ्याची भूमिका करावी, दुसऱ्याने उत्तर न देता त्याला वाटेवर आणावे, आणि बाकीच्यांनी बघावे. तासाभरात कळते की कुणाला थांबता येते आणि कुणाला नाही. ज्याला थांबताच येत नाही, त्याला या खेपेला जोडी देऊ नये. तो चांगला कामगार असेल, चांगला सुपरवायझरही असेल.

बिघडते ते कसे ओळखावे

जोडी एकदम तुटत नाही, आतून रिकामी होते. पहिली खूण नोंदवहीत दिसते. प्रत्येक भेटीनंतर शिकणाऱ्याने दोनच ओळी लिहायच्या: काय विचारले आणि पुढच्या भेटीपर्यंत काय करणार. ‘चर्चा झाली’, ‘मार्गदर्शन मिळाले’ असे सलग तीन वेळा दिसले की भेट होत नाही किंवा होऊनही काही होत नाही. दुसरी खूण म्हणजे एकाच बाजूने दोनदा भेट पुढे ढकलली जाणे. मेंटॉरने ढकलली असेल तर बहुतेक वेळा त्याच्या टार्गेटमधून तास कमी झालेला नसतो. शिकणाऱ्याने ढकलली असेल तर भीती किंवा साहेबाची नाराजी, यांपैकी एक असते.

तिसरा बिघाड जास्त नाजूक आहे. शिकणारा मेंटॉरकडे साहेबाची गाऱ्हाणी मांडायला लागतो, आणि मेंटॉर भला माणूस असल्याने ती घेऊन साहेबाकडे जातो. तिथून दोन विभागांत धुसफूस सुरू होते. मेंटॉरने निरोप पोचवायचा नाही. साहेबाशी हे कसे बोलावे, याची तयारी करून घ्यायची आणि बोलायला त्यालाच पाठवायचे.

पैशाबद्दलही एक मत मांडतो. दर बैठकीमागे भत्ता देण्याची सूचना कुणीतरी करतेच. तसे केले की बैठका भरतात आणि काम होत नाही. मेंटॉरच्या मूल्यमापनात ‘किती बैठका झाल्या’ हा रकाना नको. शिकणाऱ्याच्या पगारवाढीत मेंटॉरचे मत घेऊ नये. मेंटॉरला देण्यासारखी गोष्ट म्हणजे कमी केलेला तास, आणि बढतीच्या वेळी ‘या माणसाने माणूस तयार केला’ ही नोंद.

नऊ महिन्यांनी काय मोजायचे

आठ जोड्यांवरून नोकरी सोडण्याचे प्रमाण घटले, असे सिद्ध करायला जाऊ नये. आठांपैकी दोघे गेले किंवा एक गेला, एवढ्यावरून योजनेबद्दल काहीच कळत नाही. एखाद्याला घराजवळ कारखाना मिळाला असेल, एखादीचे लग्न ठरले असेल. मोजायचे ते एवढेच: आठांपैकी किती जणांनी ठरलेले काम तिसऱ्या माणसासमोर एकट्याने करून दाखवले. पाच जणांनी केले तर पहिले वर्ष चांगले गेले असे मी म्हणेन. उरलेल्या तिघांचे उद्दिष्ट खूप मोठे होते, जोडी चुकली होती की साहेबाने वेळ दिला नाही, हे दोघांना वेगवेगळे विचारून लिहून काढावे. पुढच्या वर्षीचे नियम या तीन कागदांवरून सुधारतात.

शेवटची भेट ठरवून घ्यावी. त्या दिवशी जोडी अधिकृतपणे संपते. दोघांची बोलचाल पुढे चालू राहिली तर उत्तमच, पण ती नोंदवहीत यायची नाही. संपण्याचा दिवस नसेल तर मेंटॉर दुसरा माणूस घ्यायला मोकळा होत नाही, आणि पहिला त्याच्यावर टेकून राहतो.

सुरुवात कधी करावी, हेही इथल्या वर्षाला धरून ठरते. या भागात अर्धे कामगार घरी शेतकरी आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षाची फळछाटणी असते, जानेवारीपासून द्राक्षतोड, आणि ऊस जायच्या दिवसांत रजेचे अर्ज वाढतात. मार्चमध्ये वर्षअखेरच्या डिस्पॅचची घाई असते. म्हणून मेच्या शेवटी नावे आणि उद्दिष्टे घ्यावीत, जूनच्या पहिल्या आठवड्यात मेंटॉरचा अर्धा दिवस करावा आणि जूनच्या मध्यावर भेटी सुरू कराव्यात. सहा आठवड्यांची चौकशी जुलैच्या अखेरीस येते, पहिला टप्पा सप्टेंबरच्या मध्यावर. छाटणीच्या आणि दिवाळीच्या पंधरवड्यांत भेट ठेवायचीच नाही, असे आधीच जाहीर करावे, म्हणजे ती चुकली असे कुणाला वाटणार नाही. करून दाखवायचे काम फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात घ्यावे, मार्चची घाई लागायच्या आत.